निनावी कागद पुढे ढकलू नये

फोन बहुतेक वेळा ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यवाहांचा असतो आणि वाक्यही ठरलेलं असतं. "आमच्या लोकांना त्या मोबाईलमधलं काही कळत नाही हो. काहीही आलं की ढकलतात पुढे. तुम्ही तासाभरात दहा-बारा सोप्या युक्त्या सांगून टाका, खोटा मेसेज कसा ओळखायचा त्याच्या. प्रोजेक्टर आहे आपल्याकडे." बोलणाऱ्या गृहस्थांचं वय बहात्तर. फोन ठेवून दोन मिनिटं होत नाहीत तोच त्यांच्याकडून 'शुभ सकाळ'चं फूल येतं आणि फुलाखाली मुतखडा पाण्यासारखा विरघळवणाऱ्या कुठल्याशा पानाची माहिती.

गेली काही वर्षं मी हे वर्ग घेतो आहे, आणि वर्गात येणाऱ्या ज्येष्ठांपेक्षा वर्ग ठरवणाऱ्यांचे गैरसमज जास्त चिवट निघाले आहेत. सगळ्यांत मोठा तोच, फोनवर ऐकू येणारा: ज्येष्ठांना तंत्र कळत नाही म्हणून ते खोटं पसरवतात, तेव्हा तंत्र शिकवलं की काम झालं. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देताना आवाज चढतो.

आधी 'ज्येष्ठ खोटं पसरवतात' एवढाच भाग घेऊ. त्यासाठी हमखास पुढे केला जातो तो अमेरिकेतला अभ्यास खरा आहे. गेस, नागलर आणि टकर यांनी 2016च्या निवडणुकीच्या काळातलं फेसबुक तपासलं आणि 2019मध्ये तो 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये छापून आला. पासष्टीच्या पुढच्यांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट खोट्या बातम्या पुढे पाठवल्या, असं त्यात आहे. भाषणात हा आकडा सांगितला की सभागृह हळहळतं. पण त्याच अभ्यासात असंही आहे की पासष्टीच्या पुढच्यांपैकी एक तरी खोटी बातमी पाठवणारे फक्त 11 टक्के होते. उरलेल्या 89 टक्क्यांनी एकही पाठवली नव्हती. हे मात्र कोणी सांगत नाही. संघाच्या पन्नास सभासदांकडे बघताना मी हे डोक्यात ठेवतो. सगळी रांग ढकलणारी नसते. पाच-सहा जण ढकलतात आणि बाकीचे मुकाट वाचतात.

आता दुसरा भाग, युक्त्यांचा. इथे आपल्या देशातलाच पुरावा आहे आणि तो आयोजकांना आवडत नाही. सुमित्रा बद्रीनाथन यांनी 2019च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये बाराशेहून अधिक लोकांवर एक प्रयोग केला. प्रत्यक्ष भेटून, साधारण तासाभराचं प्रशिक्षण. फोटो उलटा शोधून मूळ कसं काढायचं, तथ्य तपासणाऱ्या संकेतस्थळांचा उपयोग कसा करायचा, हे सगळं शिकवलं. म्हणजे आपले कार्यवाह मागतात नेमकं तेच. नंतर पुन्हा भेटून तपासलं तेव्हा सरासरीने काहीही फरक पडलेला नव्हता. उलट सत्ताधारी पक्षाकडे कल असलेल्यांची आपल्या बाजूच्या खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता थोडी खालीच आली. 2021मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. तो वाचल्यापासून पहिल्या तासात राजकारणातलं एकही उदाहरण मी घेत नाही. घेतलं की वर्गात दोन बाकं तयार होतात आणि चहापर्यंत तेच चालतं.

मग तासाचा वर्ग घ्यायचाच नाही का? घ्यावा. अमेरिकेत 2020मध्ये सरासरी 67 वर्षं वयाच्या लोकांनी तासाभराचा एक अभ्यासक्रम स्वतःच्या गतीने केला, त्याचा निकाल उलटा आला. बातमी खरी की खोटी हे बरोबर ओळखण्याचं त्यांचं प्रमाण 64 टक्क्यांवरून 85 टक्क्यांवर गेलं. न केलेल्यांमध्ये फरक नव्हता. हे लोक आपणहून नाव नोंदवून आलेले होते, हे विसरून चालणार नाही. पण त्यांनी तासभर ऐकलं नाही, करून पाहिलं, आणि त्यातला मुख्य धडा एकच होता: बातमीतच डोकं खुपसून बसू नका, बाहेर पडा आणि इतर लोक काय म्हणतात ते बघा. तथ्य तपासणारे व्यावसायिक हेच करतात. ते संशयास्पद पान निरखत बसत नाहीत, लगेच दुसरीकडे जातात.

म्हणजे वय आड येत नाही आणि तासही अपुरा नाही. वाया जातो तो दहा युक्त्यांचा तास.

माझ्याच एका वर्गात हे मला नीट कळलं. राज्य शासनाच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले एक काका शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मी स्पेलिंगच्या चुका, उद्गारचिन्हं, लाल अक्षरं वगैरे लक्षणं सांगत होतो. ते म्हणाले, "अहो, आम्ही चौतीस वर्षं फायली पाहिल्या. सही नाही, जावक क्रमांक नाही, तारीख नाही, असा कागद टेबलावर आला तर आम्ही काय करायचो? पुढे सरकवायचो का?" सभागृह हसलं. मी विचारलं, "मग काका, सकाळी तुम्ही संघाच्या ग्रुपवर तो खोकल्याचा मेसेज टाकलात, त्यावर सही कोणाची होती?" काका गप्प झाले आणि मग म्हणाले, "माझ्या भाच्याने पाठवला होता. तो डॉक्टर आहे."

"त्याने लिहिला होता की त्यालाही कोणी पाठवला होता?"

माझा सगळा वर्ग आता या एका प्रश्नावर उभा आहे. पाठवणारा आपला असतो आणि लिहिणारा कोण ते माहीत नसतं. भाच्यावरचा विश्वास आपण न कळत निनावी मजकुराला देऊन टाकतो. यात तंत्राचं अज्ञान कुठे आलं? ज्येष्ठ मेसेज पाठवतात ते काळजीपोटी, पंधरा जणांना आपली आठवण राहावी म्हणून, आणि 'खरं असेल तर कोणाच्या तरी उपयोगी पडेल' म्हणून. कागद तपासायची अक्कल त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आहे. फक्त मोबाईलवर आलेलं हाही कागदच, हे कोणी त्यांना सांगितलेलं नाही.

तेव्हा आता साठ मिनिटं अशी जातात.

पहिली दहा मिनिटं हातात कागद. सहा मेसेज मोठ्या टायपात छापलेले असतात आणि प्रत्येकापुढे खरं-खोटं अशी खूण करायची असते. यातले तीन मेसेज खरे असतातच. 80 वर्षांवरच्या केंद्र सरकारी निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला नोव्हेंबरची वाट न पाहता 1 ऑक्टोबरपासून देता येतो, हा त्यातला माझा लाडका मेसेज. ऐकायला अगदी अफवा वाटते, पण खरं आहे. खोट्यांमध्ये दोन हजारांच्या नोटेतली चिप असते. 2016मध्ये त्यावर शपथा घेणारे लोक आता लाजून हसतात, त्यामुळे वातावरण सैल होतं. हे कागद मी गोळा करून ठेवतो. का ते पुढे येईल.

पुढची वीस मिनिटं एकच मेसेज, तोच काकांचा. 'तुम्ही घरी एकटे आहात, अचानक छातीत दुखू लागलं, हार्ट अटॅक आलाय. घाबरू नका. खोल श्वास घ्या आणि जोरजोरात खोकत राहा. हा मेसेज दहा जणांना पाठवा, एक जीव वाचेल.' जवळजवळ प्रत्येकाला तो आलेला असतो. पहिला प्रश्न: लिहिला कोणी? वर्ग शोधतो. 'हृदयरोगतज्ज्ञ सांगतात' एवढंच आहे, नाव नाही, तारीख नाही. म्हणजे सही नसलेला कागद. दुसरा प्रश्न: दुसरीकडे कुठे आहे का?

इथे प्रत्येकाने स्वतःचा फोन काढायचा आणि माईकच्या चिन्हावर बोट ठेवून मराठीत बोलायचं. काय बोलायचं, याला मी पाच मिनिटं देतो. कारण मेसेजमधलंच वाक्य जसंच्या तसं बोललं की तोच मेसेज छापणारी पानं पुढे येतात आणि माणूस म्हणतो, बघा, सगळीकडे आहे! 2023च्या अखेरीस 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात हेच दिसलं: खोटी बातमी तपासायला म्हणून शोध घेणाऱ्यांचा तिच्यावरचा विश्वास उलट वाढला, विशेषतः ज्यांच्यापुढे हलक्या दर्जाची पानं आली त्यांचा. म्हणून प्रश्न करून विचारायचं, आपल्या शब्दांत: "हार्ट अटॅक आल्यावर खोकल्याने फायदा होतो का, डॉक्टरांचं मत". आणि उत्तरावर बोट ठेवण्याआधी त्याच्या वरचं नाव वाचायचं. वर्तमानपत्र आहे, रुग्णालय आहे, तथ्य तपासणारी संस्था आहे की 'आरोग्य टिप्स 24' आहे? मराठीत तथ्य तपासून लिहिणाऱ्यांत फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर ही दोन नावं मी फळ्यावर लिहितो. दोनच पुरे.

मग मेसेजच्या आत काय आहे ते पाहतो, कारण नुसतं 'खोटं आहे' म्हणून ज्येष्ठांचं समाधान होत नाही आणि होऊही नये. या अफवेला एक खरं बी आहे. 1976मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एक नोंद आली: हृदयाची तपासणी चालू असताना, टेबलावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही रुग्णांचे ठोके अचानक बिघडले, तेव्हा जोराने खोकायला सांगून त्यांना काही सेकंद शुद्धीवर ठेवता आलं. तेवढ्यात डॉक्टरांनी उपचार केले. 1999च्या सुमारास तेच इंग्रजी ई-मेलमधून 'घरी एकट्याने करा' होऊन फिरू लागलं. त्यात अमेरिकेतल्या एका रुग्णालयाचं नाव घातलेलं होतं आणि त्या रुग्णालयाने आमचा याच्याशी संबंध नाही असं जाहीर केलं. पुढे मराठीत येताना ते नावही गळून पडलं आणि 'हृदयरोगतज्ज्ञ' उरले.

घरी ते का लागू पडत नाही, हे मी फळ्यावर दोन रेघांत दाखवतो. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. हृदय बहुतेक वेळा चालूच असतं. खोकून गुठळी निघत नाही, वेळ मात्र जातो. आणि हृदय बंद पडलं तर माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो, तो खोकणार कसा? अमेरिकन हार्ट असोसिएशन सामान्य लोकांना हे शिकवू नये असंच म्हणते. करायचं ते एवढंच: दाराची कडी काढून ठेवायची, 108ला फोन करायचा, शेजाऱ्याला हाक मारायची. काकांनी त्या दिवशी हे वहीत लिहून घेतलं आणि वर्ग संपायच्या आधीच ग्रुपवर टाकलं, खाली स्वतःचं नाव घालून. सही झाली.

उरलेल्या वेळातली वीस मिनिटं सरावाची. जोडीजोडीने, प्रत्येकाने आपल्या फोनवर कालपासून आलेला एक मेसेज निवडायचा, माझा नाही. पाच जणांमागे एक मदतनीस लागतो. कॉलेजची मुलं चालतात, पण एका अटीवर: त्यांनी ज्येष्ठांच्या हातातून फोन काढून घ्यायचा नाही. "आजोबा, द्या इकडे, मी करून देतो" म्हणाला की त्या आजोबांचा तास संपला. ज्याच्या बोटाने केलं त्यालाच ते उद्या आठवणार. शेवटच्या दहा मिनिटांत सहा नवे मेसेज, पुन्हा खरं-खोटं, आणि एक कार्ड. कार्डावर दोन ओळी: लिहिला कोणी? दुसरीकडे कुठे आहे?

आता ते गोळा केलेले कागद. पहिल्या आणि शेवटच्या खुणा शेजारी ठेवून मी पाहतो. शेवटी एखाद्याने सहाही मेसेज खोटे ठरवले, तर तो हुशार झाला असं मानू नका. माझा वर्ग फसला. त्याला मी तपासायला शिकवलं नाही, घाबरवलं. उद्या त्याला हयातीच्या दाखल्याची खरी सूचना येईल आणि तो तीही पुसून टाकेल. असे कागद पाच-सहाच्या वर गेले की पुढच्या वेळी खरे मेसेज वाढवायचे.

प्रोजेक्टर मी नाकारतो याचंही कारण आहे. मोठ्या अक्षरांत पडद्यावर खोटा मेसेज आणि त्यावर लाल फुली, हा आयोजकांचा आवडता प्रकार. स्कर्निक आणि सहकाऱ्यांचा 2005चा प्रयोग सांगतो की वयस्कर लोकांना एखादं विधान खोटं आहे असं वारंवार बजावलं, तर तीन दिवसांनी त्यांना ते उलट खरं म्हणून आठवण्याची शक्यता वाढते. विधान ओळखीचं राहतं आणि फुली पुसली जाते. म्हणून मी आधी खरं सांगतो, तेच दोनदा सांगतो आणि खोटं एकदाच. दहा खोट्या मेसेजचं प्रदर्शन भरवणारा तास म्हणजे त्या दहांची जाहिरात आहे.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत, पण प्रत्येक वर्गात कोणीतरी उठून विचारतंच.

'Forwarded many times' आणि दुहेरी बाण दिसला म्हणजे खोटं, असं नाही. किमान पाच हातांतून आलाय एवढाच त्याचा अर्थ. एप्रिल 2020पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे पाठवता येतो. खरे मेसेजही पाच हातांतून येतात, आणि मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण येतच नाही.

तीन टिका आल्या की सरकारने आपला मेसेज पाहिला, हे सपशेल खोटं. व्हॉट्सॲपमध्ये तिसरी टिक नाही.

युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, हा मेसेज दर ऑगस्टमध्ये पुन्हा जिवंत होतो. युनेस्कोने असा निर्णय कधीही दिलेला नाही.

मराठी शुद्ध असलं की मेसेज खरा, हे माझ्याच जुन्या लक्षणांच्या यादीचं पाप. आता खोटंही शुद्ध मराठीत येतं.

पीआयबीच्या फॅक्ट चेककडे पाठवलं की सगळं तपासून मिळतं, असंही नाही. तो विभाग केंद्र सरकारविषयीच्या मजकुरापुरता आहे. मुतखड्याचं पान त्याच्या कक्षेत येत नाही.

आणि त्याच तासात 'डिजिटल अरेस्ट', ओटीपी, बनावट लिंक हेही उरकू या, ही सूचना तर ठरलेलीच. नको. खोटी माहिती तपासायला सावकाश बाहेर जावं लागतं, आणि फसवणुकीच्या फोनवर काहीच न तपासता फोन ठेवून 1930ला कळवायचं असतं. दोन्ही एकत्र शिकवलं की माणूस फोनवरच्या भामट्याचीच उलटतपासणी घ्यायला लागतो आणि भामट्याला तेच हवं असतं. त्याचा तास वेगळा ठेवा.

राहिला एक प्रश्न, तो बहुधा बायका विचारतात, चहाच्या वेळी, हळू आवाजात. "मोठ्या जाऊबाईंनी ग्रुपवर टाकलेला चुकीचा असेल तर काय करायचं?" ग्रुपवर बोलायचं नाही. वेगळा मेसेज करायचा, तोही 'हे खोटं आहे' असा नाही: "वहिनी, हे कोणी लिहिलंय कळलं का? मी शोधलं तर असं सापडलं." चारचौघांत चुकलेला माणूस आपला मेसेज सोडत नाही, धरून बसतो.

संघांच्या कार्यकारिणींना एक विनंती आहे. बिहारमध्ये पुढे साडेतेरा हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर अशाच विषयाचा मोठा प्रयोग झाला. तिथे एक तास नव्हता, काही महिन्यांत पसरलेल्या अनेक तासिका होत्या, आणि तिथे फरक पडला. आपल्याला महिने मिळणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण वर्गाची तारीख ठरवाल त्याच दिवशी दोन आठवड्यांनंतरची दुसरी तारीखही ठरवा. अर्धा तास पुरे. सभासदांनी मधल्या दिवसांत आलेला आणि स्वतः तपासलेला एकेक मेसेज घेऊन यायचं. प्रोजेक्टरवाल्याला सुट्टी द्या, आणि कार्डं वीस पॉइंटच्या खाली छापू नका.